सणाच्या ऑफरचा मेसेज गेला आणि तारीख चुकली : दर वर्षी होणारी ही चूक कुठून येते, कशी निस्तरायची

लक्षण ओळखीचं आहे. ऑफर संपते, दुकानातले फलक उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक काउंटरवर मोबाइल ठेवून म्हणतं, "यात तर अजून आठवडाभर सवलत लिहिलीय." मेसेज दुकानाच्याच नंबरवरून गेलेला असतो, शब्द दुकानाचेच असतात. तारीख तेवढी वेगळी असते. मग मेसेज कोणी पाठवला याचा शोध सुरू होतो आणि तो दुकानातल्या सर्वांत लहान माणसापाशी येऊन थांबतो.

पुढच्या सणाला पुन्हा तेच होतं, कधी त्याच दुकानात, वेगळ्या हातून. पाठवणारा माणूस बदलला तरी चूक टिकून राहत असेल, तर ती त्या माणसाच्या निष्काळजीपणात नाही. ती मेसेज तयार करण्याच्या पद्धतीत आहे. म्हणून इथे एक गोष्ट सांगतो. रचलेली आहे, पण तिच्यातला एकेक टप्पा दुकानांत रोज घडतो तसाच ठेवला आहे. दुकानात काम करणाऱ्या मुलीला सुमन म्हणू.

गुरुवारची संध्याकाळ

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दुकान बंद व्हायला अर्धा तास उरला होता. सुमन काउंटरवर पसरलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मालक आतून बाहेर आले ते एका हातात फोन धरून, कुणाशी तरी बोलतच. बोलता बोलता त्यांनी तिला हाक मारली.

"सुमन, उद्यापासून ऑफर. रविवारपर्यंत. गेल्या वर्षीचाच मेसेज टाक, तारीख तेवढी बदल."

"हो दादा."

एवढंच बोलणं झालं. कुठेही काही लिहिलं गेलं नाही.

सुमनने दुकानाचा मोबाइल घेतला, व्हॉट्सॲपवरच्या ग्राहकांच्या यादीत वर सरकत सरकत गेल्या वर्षीचा मेसेज शोधला, कॉपी केला आणि लिहायच्या चौकटीत चिकटवला. मेसेज असा होता :

"आमच्या सर्व ग्राहकांना सणाच्या हार्दिक शुभेच्छा! खास तुमच्यासाठी सणाची सवलत, शुक्रवार, २५ ऑक्टोबरपासून. सर्व नवीन मालावर, सर्व मापांत. घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांसाठी खरेदी एकाच ठिकाणी. बदलून घेण्याची सोय नेहमीप्रमाणे. गर्दी टाळण्यासाठी सकाळी लवकर यावे. ही सवलत रविवार, २७ ऑक्टोबरपर्यंतच."

तिने २५ चं १७ केलं. शुक्रवार हा वार बरोबरच होता, तो तसाच राहिला. मोबाइलवर लिहायच्या चौकटीत एका वेळी पाच-सहा ओळीच दिसतात, आणि मजकुराचा शेवट त्या चौकटीच्या खाली दडलेला होता. तिने खाली सरकवून पाहिलंही. "रविवार" हा शब्द दिसला. मालक रविवार म्हणाले होते, मेसेजमध्ये रविवार होता. पुढचा आकडा नजरेखालून गेला आणि तिने पाठवण्याचं बटण दाबलं.

गिऱ्हाइकांना मिळालेला मेसेज म्हणत होता, ऑफर शुक्रवार १७ ऑक्टोबरपासून रविवार २७ ऑक्टोबरपर्यंत. तीन दिवसांची सवलत अकरा दिवसांची झाली.

चूक नेमकी कशाची होती

सुमनने काय केलं नाही, हे आधी पाहू. तिने घाईघाईत काहीतरी ठोकून दिलं नाही. तारीख बदलायची तिच्या लक्षात होती, तिने ती बदललीही. मजकूर शेवटपर्यंत वाचला. तरीही चूक झाली, कारण सांगणाऱ्याने "तारीख" हा शब्द एकवचनात वापरला आणि मेसेजमध्ये तारखा दोन होत्या. पहिली तारीख बदलली की काम झाल्यासारखं वाटतं. सांगितलेलं काम एकच होतं आणि ते पुरं झालं, अशी मनात खूण पडते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जुनी तारीख ही दिसायला पूर्ण असते. त्या जागी काही राहून गेलं आहे असं ती सांगत नाही. "२७ ऑक्टोबर" हे वाचताना खटकायला काहीच नव्हतं : महिना बरोबर, वार बरोबर, आकडा महिन्याच्या हद्दीत. सगळाच मेसेज गेल्या वर्षीचा गेला असता, म्हणजे २५ ते २७, तर शुक्रवारी सकाळीच कोणीतरी फोन करून विचारलं असतं की आज सुरू आहे ना, मेसेजमध्ये पुढची तारीख आहे. पूर्ण चुकलेला मेसेज लगेच सापडतो. अर्धा दुरुस्त केलेला मेसेज सापडत नाही, कारण त्याची सुरुवात खरी ठरते. शुक्रवारी लोक आले, सवलत मिळाली, शनिवार-रविवार गर्दी झाली. तीन दिवस तो मेसेज अगदी बरोबर होता. तो चुकीचा झाला सोमवारी.

सणाच्या मेसेजमध्येच हे जास्त का होतं, त्यालाही कारण आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेची योजना असेल तर जुना मेसेज चालून जातो. पण चंद्राच्या हिशेबाने येणारा सण इंग्रजी कॅलेंडरवर एका जागी थांबत नाही. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणून असा सण पुढच्या वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. ज्या कालगणनेत अधूनमधून एक जास्तीचा महिना धरतात, तिथे त्या वर्षी तो अठरा-एकोणीस दिवस पलीकडे जातो. अकरा दिवसांचा फरक बहुतेक वेळा त्याच महिन्यात किंवा शेजारच्या महिन्यात पडतो. त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख या वर्षीही सणाच्या आसपासचीच वाटते. फरक सहा महिन्यांचा असता तर डोळ्यांत भरला असता.

वाराने चुगली केली होती

या मेसेजमध्ये चूक पकडून देणारी खूण होती, आणि ती पाठवण्याआधीपासून होती. २७ ऑक्टोबर २०२५ ला रविवार नाही, सोमवार आहे.

हे नेहमीच असं असतं. वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून कुठलीही तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. २५ ऑक्टोबर २०२४ ला शुक्रवार होता, २०२५ मध्ये त्याच तारखेला शनिवार आला. मध्ये २९ फेब्रुवारी पडली तर दोन वार पुढे. ऑक्टोबर २०२७ कडून ऑक्टोबर २०२८ कडे जाताना तसं होईल, कारण २०२८ लीप वर्ष आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की गेल्या वर्षीची तारीख तिच्या वारासकट या वर्षीच्या मेसेजमध्ये राहिली, तर वार आणि तारीख कधीच जुळणार नाहीत. वार हा तारखेचा साक्षीदार आहे, पण त्याची साक्ष कोणीतरी कॅलेंडर उघडून काढायला हवी. मनातल्या मनात वाचून ती निघत नाही. सुमनच्या बाबतीत वार आणि तारीख दोन्ही गेल्या वर्षीच्या मेसेजमधून आल्या. त्यातला वार मालकांच्या तोंडच्या वाराशी जुळला, म्हणून शेजारची तारीखही जुळल्यासारखी वाटली.

म्हणून मेसेजमध्ये वार लिहायचाच. काही दुकानदार म्हणतात, वार काढून टाका, म्हणजे जुळायचा प्रश्नच नाही. मला हे पटत नाही. वार काढला की चूक राहते आणि ती दाखवणारी खूण तेवढी जाते.

सोमवार

सकाळी दुकान उघडून तास झाला नसेल. नेहमीच्या एक काकू दोन नग निवडून काउंटरवर आल्या. सुमनने बिल केलं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मालकांनी योजनेची शेवटची तारीख स्वतः भरली होती, १९ ऑक्टोबर. रविवारी रात्री ती योजना आपोआप बंद झाली होती. कागद बाहेर आला तो पूर्ण किमतीचा.

काकूंनी चष्मा वर केला. "यात सवलत नाही धरली."

"काकू, ऑफर काल संपली."

काकूंनी पिशवीतून मोबाइल काढला, मेसेज उघडला, लांब मजकुरामुळे खाली दिसणाऱ्या "अधिक वाचा" वर बोट टेकवलं आणि शेवटची ओळ सुमनपुढे धरली. सुमनने ती ओळ वाचली. मग दुकानाचा मोबाइल घेऊन तोच मेसेज तिथे पाहिला, जणू तिथे वेगळं काही लिहिलेलं असेल.

"मी शनिवारीच येणार होते," काकू म्हणाल्या. "म्हटलं गर्दी असेल, वेळ आहे, सोमवारी जाऊ."

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय या वाक्यावर ठरतो. काकूंनी त्या तारखेवर भरवसा ठेवून शनिवारचं येणं सोडलं होतं. चुकीची तारीख नुसती वाचलेली नव्हती, तिच्यावर त्यांनी आपला बेत बांधला होता. दुकानाने "छपाईची चूक आहे" एवढं म्हणून त्यांना परत पाठवलं असतं, तर दुकानाच्या चुकीचा भार त्यांनी उचलला असता.

सुमनने मालकांना फोन लावला. पहिला शब्द तिच्या तोंडून "सॉरी दादा" असा आला. मालकांचा पहिला प्रश्न होता, "किती जणांना गेलाय?" मला हा प्रश्न योग्य वाटतो. कोणी केलं यापेक्षा किती ठिकाणी पोचलं हे आधी कळायला हवं.

चूक कळल्यावर : वेळेनुसार काय शक्य आहे

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत संपादित करता येतो. चूक इतक्या लवकर कळली तर तेच करावं, पण एक गोष्ट ध्यानात ठेवून : संपादन केल्याची नवी सूचना समोरच्याला जात नाही. ज्याने मेसेज आधीच वाचला तो पुन्हा उघडेलच असं नाही. त्यामुळे संपादन केलं तरी खाली एक छोटी ओळ वेगळी पाठवावी : "वरील मेसेजमधील शेवटची तारीख दुरुस्त केली आहे, कृपया पुन्हा पाहा."

पंधरा मिनिटं उलटली की "सर्वांसाठी हटवा" हा मार्ग उरतो. तो दोन दिवसांहून थोडा जास्त काळ चालतो. मेसेज हटवल्यावर त्या जागी मेसेज हटवल्याची खूण राहते. नुसता हटवून गप्प बसणं सर्वांत वाईट. गिऱ्हाइकाला कळतं की काहीतरी काढून घेतलं, पण काय खरं ते कळत नाही. शिवाय कोणी तो पुढे पाठवला असेल किंवा त्याचा स्क्रीनशॉट काढला असेल, तर ती प्रत जशीच्या तशी राहते. एसएमएस असेल तर तो परत घेण्याची सोयच नाही.

सुमनचा मेसेज गुरुवारी संध्याकाळी गेला होता, चूक सोमवारी सकाळी कळली. दोन्ही मुदती संपल्या होत्या. उरला एकच मार्ग, दुरुस्तीचा मेसेज. ही परिस्थिती अपवादाची समजू नका. शेवटची तारीख चुकते तेव्हा ती जवळजवळ नेहमीच ऑफर संपल्यावर कळते, म्हणून बहुतेक दुकानं याच वळणावर उभी असतात.

आधी निर्णय, मग बिलिंग, मग मेसेज

घाबरलेला माणूस पहिल्यांदा मेसेज लिहायला घेतो. सुमननेही घेतला होता. मालक दुकानात येईपर्यंत तिने लिहून ठेवलं : "आमच्या सर्व ग्राहकांची आम्ही मनापासून क्षमा मागतो. काही तांत्रिक कारणामुळे आमच्याकडून पाठवण्यात आलेल्या मेसेजमध्ये..."

मालकांनी ते पाठवू दिलं नाही, आणि बरं केलं. काय द्यायचं हे ठरलेलंच नव्हतं. दुरुस्तीचा मेसेज गेल्यावर पहिलं गिऱ्हाईक जे विचारणार, त्याचं उत्तर आधी हवं : मग आता मला सवलत मिळणार की नाही?

तीन पर्याय होते. २७ तारखेपर्यंत सगळ्यांना सवलत द्यायची, म्हणजे मेसेजचा शब्द पुरा पाळायचा. किंवा १९ लाच संपली म्हणून सांगायचं. किंवा मधला : मेसेज आलेल्यांना जवळची एक स्पष्ट मुदत द्यायची. मालकांना अकरा दिवस परवडत नव्हते, सणाच्या मालावर आधीच थोडं सुटत होतं. पहिल्या रागात ते दुसऱ्या पर्यायाकडे झुकले. मग त्यांनी काकूंना पाहिलं. त्या अजून बाकावर बसून होत्या, निवडलेले दोन नग मांडीवर होते. त्यांचं बिल सवलतीने झालं आणि बाकीच्यांसाठी बुधवार, २२ ऑक्टोबर ठरला.

मधला पर्याय निवडला तर त्याच्या दोन अटी आहेत. मुदत इतकी हवी की आज मेसेज वाचणारा माणूस कामधंदा सांभाळून येऊ शकेल. "आज रात्रीपर्यंत" ही मुदत नुसती नावाची असते. आणि ज्याला दुरुस्ती पोचलीच नाही असा कोणी २५ तारखेला जुना मेसेज घेऊन आला, तर काउंटरवरच्या माणसाला काय करायचं ते आधीच माहीत हवं. मालकांनी सांगितलं, "वाद घालायचा नाही. सवलत द्यायची, आणि मला नंतर सांगायचं." असे फार थोडे येतात. त्यांच्याशी भांडून जे जातं ते त्या सवलतीपेक्षा मोठं असतं.

निर्णय झाला की लगेच मेसेज पाठवायचा मोह होतो. तेही चूक आहे. आधी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये योजनेची शेवटची तारीख वाढवायची आणि एक नमुना बिल करून सवलत खरंच लागते का ते पाहायचं. मग काउंटरवरच्या प्रत्येकाला सांगायचं, सुट्टीवर असलेल्यालाही. त्यानंतर मेसेज. क्रम उलटा झाला तर तासाभरात कोणीतरी दुरुस्तीचा मेसेज घेऊन येतं, बिल पुन्हा पूर्ण किमतीचं निघतं, आणि दुकान एकाच सणात दुसऱ्यांदा खोटं पडतं.

दुरुस्तीचा मेसेज कसा लिहायचा

सुमनच्या पहिल्या मसुद्यात चार ओळी क्षमेच्या होत्या आणि तारीख पाचव्या ओळीत. मोबाइलवर सूचना येते तेव्हा वरची एक-दोन ओळच दिसते. क्षमा दिसली असती, तारीख नाही. "तांत्रिक कारण" हेही काढायला हवं होतं. कारण तांत्रिक नव्हतं, आणि वाचणाऱ्याला ते कळतं. शेवटी गेलेला मेसेज असा होता :

"सणाची सवलत तुमच्यासाठी बुधवार, २२ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सुरू आहे. गुरुवारच्या मेसेजमध्ये शेवटची तारीख २७ ऑक्टोबर अशी चुकून गेली होती, ती धरू नये. चूक दुकानाची आहे. हा किंवा आधीचा मेसेज काउंटरवर दाखवा, बुधवारी दुकान बंद होईपर्यंत तोच भाव मिळेल."

पहिल्या ओळीत वार, तारीख, महिना, वर्ष. चुकलेली तारीख एकदाच आणि नंतर. ती अजिबात न लिहिणं बरं असं काहींना वाटतं, पण मग कुठल्या मेसेजची दुरुस्ती आहे हे समजत नाही आणि लोक दोन वेगळ्या ऑफर धरून बसतात.

पाठवताना त्याच यादीला पाठवायचा, ज्या यादीला आधीचा गेला होता. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, म्हणून मोठ्या दुकानांच्या याद्या दोन-तीन असतात आणि दुरुस्तीच्या गडबडीत त्यातली एक राहून जाते. प्रत्येक यादी उघडून आधीचा मेसेज तिथे गेला होता का ते डोळ्यांनी बघावं. पुढे पाठवलेल्या प्रतींमागे दुरुस्ती जात नाही, त्यासाठी हाच मजकूर दाराच्या काचेवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावावा. सुमनने तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावला, डोळ्यांच्या उंचीवर.

पुन्हा होऊ नये म्हणून

"नीट वाचून पाठवत जा" हा उपाय नाही. सुमनने वाचलंच होतं. आपण लिहिलेलं किंवा ओळखीचं वाचताना डोळा अक्षरं तपासत नाही, तो आठवतो. हा दोष कोणाचा एकट्याचा नाही, त्यामुळे त्यावर ओरडून काही होत नाही. बदलायला हव्यात त्या दोन जागा : मेसेज कुठून सुरू होतो, आणि कोण काय विचारून तो तपासतो.

मेसेज गेल्या वर्षीच्या मेसेजपासून सुरू करायचा नाही. सण संपला की त्याच आठवड्यात त्या मेसेजची एक कोरी प्रत करून ठेवायची, जिच्यात प्रत्येक वार, तारीख, टक्के आणि वेळ काढून त्या जागी रेघ असेल : "ही सवलत ____वार, ____ ________ २०__ पर्यंतच." कोरी रेघ नजरेतून सुटत नाही, आणि चुकून सुटली तरी गिऱ्हाइकाला अपुरा मेसेज दिसतो, खोटा नाही. अपुऱ्या मेसेजवर लोक फोन करून विचारतात. जुन्या तारखेवर कोणी विचारत नाही, थेट येतात. सगळ्या उपायांत एकच करायला वेळ असेल तर हा करा.

रेघा भरायच्या त्या कॅलेंडर समोर ठेवून, आणि तारीख सांगणाऱ्याने ती लिहून द्यावी, सुरुवात आणि शेवट दोन्ही. "उद्यापासून", "येत्या रविवारपर्यंत" हे बोलण्यात ठीक आहे, मेसेजमध्ये नको. गुरुवारी पाठवलेला "उद्या" कोणी शुक्रवारी सकाळी वाचतो. तसंच महिना अक्षरात लिहावा. १०/११ म्हणजे दहा नोव्हेंबर की अकरा ऑक्टोबर, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर जातं.

तपासायला दुसरा माणूस हवाच, पण "बघ गं, बरोबर आहे का" असं विचारून मोबाइल पुढे केला की तो "हो" म्हणतो. त्याला मालकांनी लिहिलेली चिठ्ठी दाखवायची नाही. मेसेज आधी आपल्याच दुसऱ्या नंबरवर पाठवायचा, आलेला मेसेज त्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचं : "ऑफर कधी संपते? एकूण किती दिवस?" त्याने मेसेजमधून उत्तर काढायचं आणि ते चिठ्ठीशी पडताळायचं. सुमनच्या मेसेजवर हाच प्रश्न शेजारच्या मुलाला विचारला असता, तर त्याने बोटं मोजून अकरा म्हटलं असतं आणि चूक तिथेच उघडी पडली असती. मेसेजसोबत चित्र जात असेल तर त्यातली तारीखही त्याच्याकडूनच वाचून घ्यायची. मजकूर सुधारतो आणि चित्र जुनं राहतं, हेही फार वेळा होतं.

जिथे नावनिशीवार मेसेज शीटमधून तयार होतात, तिथे हेच दोन प्रश्न शीटलाच विचारता येतात. B2 मध्ये सुरुवातीची आणि C2 मध्ये शेवटची तारीख असेल तर :

```
=TEXT(C2,"dddd")
=C2-B2+1
```

पहिलं सूत्र शेवटच्या तारखेचा वार सांगतं, दुसरं एकूण दिवस. सुमनच्या तारखा घातल्या तर सोमवार आणि ११ असं उत्तर येतं, हवं होतं रविवार आणि ३. दुसऱ्या सूत्राचं उत्तर तारखेच्या रूपात दिसलं तर त्या खान्याचा प्रकार साधी संख्या असा करावा. शीटमध्ये एक वेगळा सापळाही आहे. तारखेचा खाना खाली ओढला की एक्सेल तीच तारीख उतरवत नाही, दर ओळीला एक दिवस वाढवत जातं. पहिल्या ग्राहकाला १९ ऑक्टोबर, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला २१. वरच्या दोन ओळी तपासणाऱ्याला एका दिवसाचा फरक जाणवतही नाही. म्हणून शेवटची ओळ उघडून पाहावी. तिथे पहिल्या ओळीतलीच तारीख दिसली पाहिजे.

या सगळ्या तपासण्यांची एक मर्यादा आहे. वार आणि दिवसांची मोजणी फक्त एवढंच सांगते की मेसेज स्वतःशी जुळतो. मालकांनी "पुढच्या शुक्रवारी" म्हटलं, त्यांच्या मनात १७ होती आणि ऐकणाऱ्याने २४ धरली, तर शुक्रवार २४ ते रविवार २६ हा मेसेज वारालाही जुळतो आणि तीन दिवसही भरतात. शीट काही बोलणार नाही, शेजारचा मुलगाही नाही. ती चूक फक्त मालकांच्या हातची चिठ्ठीच पकडते. सुमनच्या दुकानात आता बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या कागदावर मालक दोन तारखा लिहून खाली सही करतात, आणि तो कागद हातात आल्याशिवाय ती मेसेज उघडत नाही.